हिरवा पडलेला फिरोजा: बेळगावच्या पावसाळ्यातल्या कामाच्या नोंदी

२० जून २०२४

समोरच्या वाड्यातल्या खाला अंगठी घेऊन आल्या. जाड चांदीची, बंद कोंदणातली, घुमटासारखा फिरोजा बसवलेली. अंगठी त्यांच्या मालकांची. ते गेल्यावर तीन वर्षांपासून खाला घालतात. "बेटा, लग्नात आणली तेव्हा आभाळासारखी होती. आता बघ की, शेवाळ्यासारखी झालीय. ते आजारी पडले तेव्हापासून रंग जायला लागला."

फिरोजा घालणाऱ्यावरचं संकट ओळखतो आणि रंग बदलतो, ही समजूत आमच्या शहापुरात हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत आहे. मी वाद घातला नाही. अंगठी दिवसभर कुठे-कुठे जाते तेवढं विचारलं. स्वयंपाक, भांडी, डोक्याला खोबरेल, शुक्रवारी अत्तर आणि पाच वेळा नमाजाआधी हात-पाय धुण्याचं वजू. अंगठी बोटातून कधीच निघत नाही. म्हणजे दिवसातून पाच वेळा ओली, आणि मधल्या वेळात तेलकट.

मी चांदीचं काम वडिलांकडून शिकलो, खडे घासणं गेल्या सहा वर्षांत स्वतः. फिरोजाला रेझिन, म्हणजे सुकून घट्ट होणारा प्लास्टिकसारखा द्रव, पाजून पक्का करणं, ज्याला खडेवाले 'स्टॅबिलाइज' म्हणतात, ते मी कधी केलेलं नव्हतं. म्हणून या नोंदी. ज्याला करायचं असेल त्याचे तरी पैसे वाचू देत.

२२ जून

खडा काढण्याआधी तो मुळात काय आहे ते बघितलं. बाजारात फिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट नाहीतर मॅग्नेसाइट असा पांढरा दगड सर्रास मिळतो. त्याचा रंग गेला तर तो रंगच उडालेला असतो, आपण करायचं काही उरत नाही. कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून कोंदणाजवळच्या कोपऱ्यात दहा-बारा वेळा फिरवला. बोळ्यावर निळं काही आलं नाही, फक्त पिवळसर मळ आला. वर लावलेला रंग असता तर बोळा निळा झाला असता.

मग पाण्याचा एक थेंब घुमटावर ठेवला. थेंब तसाच बसून राहिला. कच्चा, सच्छिद्र फिरोजा थेंब पिऊन टाकतो आणि तेवढा भाग गडद दिसतो. इथे पाणी आत जात नव्हतं याचे अर्थ: एक तर खडा मुळातच घट्ट आहे, किंवा आधीच रेझिन नाहीतर मेण पाजलेला आहे, किंवा त्याची छिद्रं तेलाने भरलीत. बोळ्यावरचा मळ बघता मला शेवटचा अर्थ खरा वाटला.

२५ जून

आज चूक केली, आणि ती दुसऱ्याच्या खड्यावर केली.

जुन्या अंगठ्यांत खड्याखाली लाख भरलेली असते. एरवी दिवा लावून चांदी गरम केली की लाख मऊ होते आणि खडा निघतो. पण फिरोजात तांबं आणि ॲल्युमिनियमच्या फॉस्फेटबरोबर पाणीही बांधलेलं असतं. जास्त तापला की ते निघून जातं, निळा रंग हिरवट-तपकिरी होतो आणि खड्याला तडे जातात. दिवा बाद. लाख स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून कोंदणाची कड थोडी उचलली आणि अंगठी रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवायचं ठरवलं. तीन तासांनी सहज बघितलं तर स्पिरिट चहासारखं झालेलं आणि खड्याच्या कडेला तपकिरी चंद्रकोर उठलेली. विरघळलेली लाख खडा पीत होता! ज्या छिद्रांतून तेल गेलं त्याच छिद्रांतून लाखही जाणार, हे मला आधी सुचायला हवं होतं.

बाहेर काढून स्वच्छ ॲसिटोनमध्ये बुडवला, थोडं फिकं झालं. सराफ गल्लीतल्या मामांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, मागनं भोक पाड की. चांदी पुन्हा भरता येते, खडा भरता येतोय काय?" मागच्या पत्र्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडलं, बांबूच्या काडीने ढकललं, खडा लाखेसकट सुटला.

२६ जून

सुटा खडा भिंगाखाली धरल्यावर सगळी गोष्ट कळली. घुमट हिरवा आणि बाजूची पट्टी त्याहून हिरवी. मागची बाजू मात्र मधोमध अजून निळी, साधारण मुगाच्या दोन दाण्यांएवढी. घाम आणि तेल वरून शिरलं आणि कोंदणाच्या फटीतूनही शिरलं, फक्त लाखेने झाकलेल्या भागाला लागलं नाही. त्या निळ्या ठिपक्यावरून मूळ रंग कसा होता ते मला आणि खालांना दोघांनाही दिसलं. मागे एका जागी तापलेली सुई टेकवून पाहिली. प्लास्टिक जळल्याचा वास आला नाही, मेण वितळलं नाही. म्हणजे खडा बिनउपचाराचा.

हिरवेपणाची दोन कारणं इथे एकत्र आहेत आणि ती वेगळी ओळखता यायला हवीत. एक तेलाचं. ओलं कापड जसं गडद दिसतं तसा तेलाने भरलेला खडा आधी नुसता गडद होतो, पुढे तेच तेल जुनं होऊन पिवळं पडतं. निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं. घामातला आंबटपणा यात भर घालतो. दुसरं कारण खड्याचं नाहीच. जुन्या चांदीत तांबं असतं, घामाने ते कळकतं, आणि तो कळंक कोंदणाच्या कडेला हिरव्या रेघेसारखा बसतो. कळंक वर बसलेला असतो, काडीने खरवडला की निघतो. तेलाचा हिरवा खरवडून निघत नाही. खालांच्या अंगठीत दोन्ही होते.

३० जून

त्यांच्या खड्यावर आधी हात चालवायचा नाही, असं ठरवलं. जयपूरहून कच्चा फिरोजा मागवला, पाव किलो, टपालासकट १,९०० रुपये. खाण कुठली ते विकणाऱ्याला सांगता आलं नाही. फिकट, खडूसारखा, नखाने भुकटी निघणारा. सरावाला असाच हवा.

सारख्या आकाराचे तुकडे कापले. एकाचं कोरडं वजन ६.२० ग्रॅम. रात्रभर पाण्यात ठेवून वरचं पाणी टिपलं, वजन ६.७८. म्हणजे ०.५८ ग्रॅम पाणी आत गेलं, तेवढी आत जागा आहे. रेझिन पाण्यापेक्षा थोडं जड, साधारण १.१ पट. म्हणजे सगळी जागा भरली तर वजन ०.६४ ग्रॅमने वाढायला हवं. काम झालं की नाही ते यावरून कळतं. दोन दशांशांचा काटा असेल तर हा हिशेब केल्याशिवाय पुढे जाऊ नका. खडा वरून चकचकीत दिसतो आणि आत खडूच असतो.

४ जुलै

पहिला प्रयत्न फसला. हाताशी पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी रेझिन होतं. त्यात ॲसिटोन घालून पातळ केलं, तुकडा बुडवला. वजन फक्त ०.१४ ने वाढलं. मधोमध कापला तर कडेने एक मिलिमीटरची गडद साल आणि आत पांढरट खडू. रेझिन आत शिरायच्या आधीच घट्ट झालं होतं. असा खडा घासायला घेतला की साल निघून जाते आणि आपण पुन्हा मूळ पदावर. गेले: दोन तुकडे, एक दिवस.

११ जुलै

या दिवसाची लाज वाटते, पण लिहितो.

उद्यमबागेतल्या एका मित्राकडून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला, ७०० रुपये. उलटा जोडला की तो हवा खेचतो. जाड स्टीलचं पातेलं, वर १२ मिलिमीटरचा ॲक्रिलिकचा पत्रा, मध्ये सिलिकॉनची चकती. काचेची बरणी वापरू नका, व्हॅक्यूमखाली फुटली तर आतल्या बाजूला फुटते आणि तुकडे उडतात. आत ॲसिटोन घालून पातळ केलेलं हळू सुकणारं इपॉक्सी होतं, त्यात तुकडे. कॉम्प्रेसर सुरू केल्याबरोबर सगळं दुधासारखं उतू आलं. मला वाटलं खड्यातली हवा निघतेय. हवा कसली! ॲसिटोनच उकळत होतं. ते एरवी ५६ अंशांना उकळतं, हवेचा दाब कमी केला की खोलीच्या तपमानालाच. त्याची वाफ सरळ कॉम्प्रेसरमध्ये गेली. भडकणारी वाफ, विजेवर चालणारं यंत्र आणि बंद खोली. बायकोने वासावरून येऊन बटण बंद केलं. काही पेटलं नाही एवढंच.

धडा एवढाच की दोन पद्धतींची भेसळ करायची नाही. ॲसिटोनने पातळ करायचं असेल तर झाकण घट्ट लावलेल्या बरणीत नुसतं भिजू द्यायचं, दिवसेंदिवस, व्हॅक्यूम नाही. व्हॅक्यूम वापरायचा असेल तर मुळातच पातळ, ॲसिटोन न घातलेलं रेझिन घ्यायचं. पहिलीत आणखी एक काटा आहे. ॲसिटोन पूर्ण उडून गेलं नाही तर आतलं रेझिन रबरासारखं मऊ राहतं, आणि खोलवरचं ॲसिटोन उडायला फार वेळ लागतो. मी दुसरी पद्धत धरली.

१९ जुलै

रेझिनच्या वस्तू बनवणारे जाड थर ओतायला वापरतात ते पातळ, ३६ तासांनी सुकणारं इपॉक्सी आणलं, अर्धा किलो ७८० रुपये. हळू सुकणारंच हवं.

पण त्याआधी सगळा वेळ खाल्ला तो पावसाने. गेले आठ दिवस बेळगावात ऊन नाही, भिंतींना ओल आलीय, आणि असा दगड हवेतली ओल धरून ठेवतो. ओल्या दगडात इपॉक्सी गेलं की ते दुधाळ होतं आणि नीट सुकत नाही. आईचा पापड वाळवायचा लाकडी खोका काढला, आत ६० वॅटचा पिवळा दिवा, तपमान ५५ ते ६० अंश. यापेक्षा जास्त तापवायची गरज नाही. दर बारा तासांनी वजन केलं. लागोपाठ दोन वजनं सारखी यायला चार दिवस लागले. उन्हाळ्यात एका दिवसात झालं असतं.

आजचं काम असं झालं: तुकडे खोक्यातून काढून कोमट असतानाच पातेल्यात, वरून रेझिन, ते तुकड्यांच्या वर बोटभर. व्हॅक्यूम सुरू. आधी मोठे बुडबुडे, मग बारीक धार. पंचवीस-तीस मिनिटांनी धार जवळजवळ थांबली. मग हवा हळूहळू आत सोडली. रेझिन आत जातं ते व्हॅक्यूम चालू असताना नाही, हवा सोडल्यावर. आतली जागा रिकामी झालेली असते, बाहेरच्या हवेचा दाब रेझिनला तिच्यात ढकलतो. म्हणून हवा सोडल्याबरोबर तुकडे बाहेर काढू नका. मी तासभर बुडवून ठेवले, पुन्हा एकदा व्हॅक्यूम, पुन्हा सोडला, आणि आणखी पाच तास तसेच. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं होतं, कारण एका भांड्यात साठलेलं इपॉक्सी स्वतःच तापतं आणि लवकर घट्ट होतं.

नंतर काढून, पुसून, जाड प्लास्टिकवर ठेवले. हातमोजे घालाच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते.

२७ जुलै

दोन दिवस खोलीत, पाच दिवस दिव्याच्या खोक्यात. वरची साल घासून वजन केलं: ६.२० चा तुकडा ६.७१ झालाय. ०.६४ पैकी ०.५१ ग्रॅम, म्हणजे ऐंशी टक्के जागा भरली. मधोमध कापला, रंग आरपार सारखा. नखाने भुकटी निघत नाही. रंग गडद झाला, ओल्या तुकड्यासारखाच. इथे एक सांगतो: पाण्यात बुडवल्यावर कच्चा तुकडा जसा दिसतो, साधारण तसाच तो रेझिननंतर दिसेल. आवडला नाही तर पुढे जाऊच नका. नंतर काही करता येत नाही.

कापताना आणि घासताना पाणी चालू ठेवा. धुळीत तांबं असतं, आणि दगडाच्या तपकिरी जाळीत वाळूचा अंश असू शकतो.

३ ऑगस्ट

घामाची परीक्षा लावली. तीन तुकडे: कच्चा, गरम मेणात बुडवलेला (मेणाचा उपाय जुना आहे), आणि रेझिनचा. प्रत्येकाचा अर्धा भाग टेपने झाकला. उघड्या अर्ध्यावर एक दिवस खोबरेल, एक दिवस घाम. घाम म्हणजे एक पेला पाण्यात चिमूटभर मीठ आणि दोन चमचे ताकाची निवळी. घामात लॅक्टिक आम्ल असतं, ताकातही तेच. प्रयोगशाळेतला घाम याहून काटेकोर असतो, पण मला तीन तुकड्यांतला फरक बघायचा होता.

फोनच्या फोटोंनी आधी फसवलं. फोन स्वतःच रंग ठीकठाक करतो, सकाळचा फोटो निळा आणि संध्याकाळचा हिरवा. आता एकच खिडकी, सकाळी अकरा, आणि शेजारी निळ्या टाइलचा एकच तुकडा.

१८ ऑगस्ट

मधल्या काळात खालांच्या खड्याचं तेल काढत होतो. तेल आत असताना रेझिन पाजलं तर ते शिरणारच नाही, आणि जिथे शिरेल तिथे हिरवा रंग कायमचा कोंडला जाईल. आधी तेल बाहेर, मग रेझिन. हा क्रम उलटा करता येत नाही.

झाकणाच्या लहान बरणीत ॲसिटोन, त्यात खडा, दोन दिवस. मग त्या ॲसिटोनचा एक थेंब स्वच्छ काचेवर टाकायचा आणि उडून जाऊ द्यायचा. काचेवर तेलकट कडं उरलं तर खड्यातून अजून तेल निघतंय, मग ताज्या ॲसिटोनची पुढची आंघोळ. पहिल्या आंघोळीनंतर कडं एवढं ठळक होतं की बोटाने पुसलं तर बोट चिकट झालं. तिसऱ्याला अंधुक. पाचव्याला काच स्वच्छ. अकरा दिवस, पाऊण लिटर ॲसिटोन, साधारण २०० रुपये.

हे फक्त बिनउपचाराच्या खड्याला. आधीच रेझिन पाजलेला फिरोजा ॲसिटोनमध्ये टाकलात तर रेझिन फुगून खडा खराब होईल. म्हणून तर सुई आणि बोळा आधी.

वाळल्यावर खडा फिका आणि खडबडीत दिसला. हिरवा बराच गेला, सगळा नाही. आता थेंब ठेवला तर खडा पितो. हेच हवं होतं.

२४ ऑगस्ट

तीन आठवडे झाले, टेप काढल्या. कच्च्या तुकड्याचा उघडा भाग स्पष्ट हिरवट, आणि टेपखालीही तीन-चार मिलिमीटर तेल सरकलेलं. मेणाच्या तुकड्यावर फरक कमी, पण कडेला हिरवी झाक आली. तेल मेणाला हळूहळू मऊ करतं, त्यामुळे मेणाने हिरवेपणा लांबतो, थांबत नाही. रेझिनच्या तुकड्यावर मला फरक दिसला नाही. बायकोला दिसला: एका बारीक भेगेच्या कडेने गडद रेघ. भिंगाखाली ती खरी निघाली. भेग उरली तर तिथून तेल जातं. ऐंशी टक्के म्हणजे शंभर नव्हे.

२८ ऑगस्ट

घुमट जवळजवळ अर्धा मिलिमीटर घासला. स्पिरिटची तपकिरी चंद्रकोर गेली, हिरवाही आणखी उतरला. उरले ते दोन हिरवे पट्टे, खोलवर. ते काढायचे तर खडा अर्धा करावा लागेल. खालांना बोलावून दाखवला. शेजारी माझ्या कच्च्या मालातून केलेला नवा निळा खडाही ठेवला. त्यांनी नव्याकडे बघितलंही नाही. "ह्योच राहू दे. त्यांचा हाय."

मग जुन्यालाच रेझिन. चार दिवस वाळवणं, व्हॅक्यूम, सगळं वरच्यासारखं. वजन वाढलं ते फार थोडं, खडा मुळात माझ्या खडूपेक्षा घट्ट आहे. चांगल्या, घट्ट फिरोजाला रेझिन फारसं लागतही नाही आणि जातही नाही.

१४ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. आज ओप दिला. ६०० नंबरच्या दाण्यावरून १२००, मग ३०००, आणि शेवटी चामड्यावर पांढरी ॲल्युमिनाची पूड. चांदीला लावतो ती लाल रूज किंवा हिरवी वडी फिरोजाला लावू नका. सरावाच्या कच्च्या तुकड्यावर मी लाल लावून बघितली, छिद्रांत जाऊन बसली, खडा गंजल्यासारखा दिसायला लागला. रेझिननंतरही राहिलेल्या खळग्यांत ती अडकते.

२० सप्टेंबर

कोंदणात परत बसवला. खाली लाख नाही, पातळ चांदीचा पत्रा. मागचं भोक झाळून भरलं, अर्थात खडा बसवायच्या आधी. रंग हिरवट निळा, दोन पट्टे दिसतात. मागे असलेल्या ठिपक्याएवढा निळा तो झाला नाही, होणारही नव्हता.

एकूण खर्च कच्चा माल, कॉम्प्रेसर, रेझिन, ॲसिटोन आणि किरकोळ धरून ४,१०० रुपये. त्यातले सरावात आणि चुकांत गेले ते निम्म्याहून जास्त. खालांकडून फक्त चांदीचे घेतले. उरलेल्या खड्यांच्या तीन अंगठ्या मी विकायला ठेवल्या, चिठ्ठीवर 'रेझिन पाजलेला' असं लिहून. एकाने विचारलं, मग हा खोटा काय? खोटा नाही, पण न पाजता घट्ट असलेल्या खड्याच्या किमतीला मागणंही बरोबर नाही.

खालांना वापरायचं कसं ते बसून सांगितलं. तेल, अत्तर, मेंदी, क्रीम सगळं आटपून हात कोरडे झाले की मग अंगठी, आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायची ती अंगठी. वजूचं त्यांनीच सांगितलं: घट्ट अंगठी हलवावी लागतेच, पाणी खाली पोचायला. मग काढूनच ठेवा म्हटलं, खिशात नको, ठरलेल्या वाटीत. काढल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसायची, मागची बाजूही. साबण नको. चांदी काळी पडली तर आपल्याकडे रिठ्याच्या पाण्यात नाहीतर चिंचेने घासतात, सराफ द्रवात बुडवून देतात, ते या अंगठीला नाही. चिंच आंबट, तो द्रव आम्लाचा, दोन्ही फिरोजाला खातात. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफही नाही. चांदीपुरतं कोरड्या पॉलिशच्या फडक्याने पुसायचं, खड्याला न लागू देता. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात ॲसिटोन असतं, नात येईल तेव्हा अंगठी लांब.

ठेवायची ती सुती पिशवीत एकटी. फिरोजा हिरे-माणकांपेक्षा फार मऊ, डब्यात बाकीच्या दागिन्यांबरोबर टाकला की ओरखडे पडतात, आणि ओरखड्यातून पुन्हा तेल. खिडकीत, उन्हात नको. उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं, आणि निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं ते खालांना आता मी सांगायची गरज नव्हती.

३ नोव्हेंबर

दिवाळीत खाला लाडू घ्यायला आल्या, बोटात अंगठी. फडकं रोज वापरतात म्हणे. त्याच खिडकीत, त्याच टाइलशेजारी फोटो काढला. घुमट सहा आठवड्यांपूर्वीसारखाच. कोंदणाच्या एका बाजूला मात्र हिरवी रेघ होती, आणि ती बघून त्यांचा चेहरा उतरला.

बांबूची काडी घेतली, रेघेवरून दोनदा फिरवली. निघाली. चांदीचा कळंक. त्या बाजूला कोंदणाची कड थोडी उचललेली राहिली होती, तिथे घाम थांबत होता. ती दाबून बसवली. पुढचं बघणं संक्रांतीला.